कटिंगचा अंतिम टप्पा

कटिंगचा अंतिम टप्पा म्हणजे वजन उचलण्याचा व्यायाम करणाऱ्या व्यक्तीच्या मेदघटीच्या काळातील शेवटचे काही आठवडे होत. या काळात शरीरातील चरबी आधीच कमी झालेली असते आणि ती आणखी थोडी कमी करावयाची असते. व्यायामशाळांच्या भाषेत चरबी घटविण्याच्या काळाला कटिंग म्हणतात. पुरुषांमध्ये चरबीचे प्रमाण सुमारे १२ ते १४ टक्के आणि स्त्रियांमध्ये सुमारे २० ते २२ टक्के झाल्यावर हा टप्पा सुरू होतो, असे ढोबळमानाने मानले जाते.

या टप्प्यात वजन घटविण्यापेक्षा घटणारे वजन चरबीचेच राहील आणि स्नायू टिकतील हे पाहणे अधिक कठीण असते. चरबीचा साठा लहान होत गेला की त्यातून दररोज मिळू शकणारी ऊर्जाही कमी होते. त्यामुळे आरंभी सुरक्षित असलेली ऊर्जातूट शेवटी स्नायूंच्या मुळावर येऊ शकते. हा लेख स्पर्धेत न उतरणाऱ्या आणि उत्तेजक द्रव्ये न घेणाऱ्या हौशी व्यायामपटूंपुरता मर्यादित आहे.

## शरीरशास्त्रीय पार्श्वभूमी

### घटलेल्या वजनातील चरबी व मेदविरहित भाग

शरीराच्या एकूण वजनातून चरबी वजा केली असता उरणाऱ्या भागास मेदविरहित वजन म्हणतात. त्यात स्नायूंबरोबर हाडे, इंद्रिये, पाणी आणि ग्लायकोजेन या साठवणीच्या शर्करेचाही समावेश होतो. अमेरिकन वैद्यक गिल्बर्ट फोर्ब्स यांनी चरबी आणि मेदविरहित वजन यांचा संबंध एका सूत्रात मांडला. वजन घटताना त्यातील किती भाग मेदविरहित असेल हे मुख्यतः त्या वेळच्या चरबीच्या साठ्यावर अवलंबून असते, असा या सूत्राचा अर्थ होतो.

सूत्रानुसार शरीरात ३० किलो चरबी असताना घटलेल्या प्रत्येक किलोमागे सुमारे एक चतुर्थांश भाग मेदविरहित असतो. चरबी ९ किलो असताना हेच प्रमाण निम्म्याहून थोडे अधिक होते. फोर्ब्स यांची मूळ आकडेवारी प्रामुख्याने स्त्रियांची होती आणि वजनाचा व्यायाम किंवा प्रथिनांचे अधिक सेवन त्यात गृहीत धरलेले नव्हते. त्यामुळे व्यायामपटूच्या बाबतीत हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. मात्र दिशा तीच राहते: चरबी जितकी कमी, तितका शरीराचा भार स्नायूंवर अधिक पडतो. पुढे वर्णन केलेले आहाराचे आणि व्यायामाचे उपाय हे प्रमाण बदलण्यासाठीच योजलेले असतात.

### चरबीतून मिळणाऱ्या ऊर्जेची मर्यादा

सेमूर ॲल्पर्ट यांनी २००५ मध्ये चरबीच्या साठ्यातून दररोज जास्तीत जास्त किती ऊर्जा मुक्त होऊ शकेल याचा सैद्धांतिक अंदाज मांडला. त्यासाठी त्यांनी १९४४–४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ पुरुषांवर केलेल्या अर्ध-उपासमारीच्या प्रयोगातील नोंदी वापरल्या. त्यांचा पहिला अंदाज चरबीच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ६९ उष्मांक (किलोकॅलरी) असा होता. पुढे हा अंदाज खाली आणून सुमारे ४८ उष्मांकांपर्यंत धरला गेला.

हे आकडे म्हणजे प्रत्येक व्यक्तीत मोजलेली सीमा नव्हे. तथापि त्यांतून निघणारा निष्कर्ष व्यवहारात उपयोगी पडतो. ऊर्जातूट या मर्यादेपलीकडे गेली तर उरलेली ऊर्जा मेदविरहित ऊतींमधून येण्याची शक्यता वाढते, आणि चरबी घटेल तशी ही मर्यादाही खाली येते. २५ किलो चरबी असलेल्या व्यक्तीला दिवसाची ८०० उष्मांकांची तूट पेलू शकते. सात-आठ किलो चरबी उरलेल्या व्यक्तीला ती पेलत नाही.

## घटीचा वेग

नॉर्वेमध्ये इना गार्थे व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेळाडूंचे दोन गट करण्यात आले होते. एका गटाने आठवड्याला शरीराच्या वजनाच्या सुमारे ०.७ टक्के, तर दुसऱ्याने सुमारे १.४ टक्के वजन घटविण्याचे उद्दिष्ट ठेवले. दोन्ही गट वजनाचा व्यायाम करीत होते. सावकाश घट करणाऱ्या गटाचे मेदविरहित वजन सुमारे २ टक्क्यांनी वाढले. वेगाने घट करणाऱ्या गटात अशी वाढ आढळली नाही.

स्पर्धात्मक शरीरसौष्ठवाच्या तयारीसाठी सामान्यतः आठवड्याला ०.५ ते १ टक्का घट सुचविली जाते. अंतिम टप्प्यात या पल्ल्याचे खालचे टोक धरणे श्रेयस्कर मानले जाते. ७० किलोच्या व्यक्तीसाठी ही घट आठवड्याला सुमारे ३५० ग्रॅम होते. ती वजनकाट्यावर सहज दिसत नाही, कारण पाणी, मीठ व पोटातील अन्न यांमुळे वजन रोजच एक-दीड किलोने वर-खाली होऊ शकते. म्हणून एका दिवसाचे वजन पाहण्याऐवजी सकाळी शौचानंतर रोज घेतलेल्या सात वजनांची सरासरी मागील आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहतात.

## आहार

### प्रथिने

ऊर्जेची तूट असताना स्नायूंची नवनिर्मिती मंदावते. व्यायाम आणि प्रथिने हे दोन्ही घटक तिला पुन्हा चालना देतात. सॅम्युअल मेटलर व सहकाऱ्यांच्या २०१० मधील अभ्यासात वजनाचा व्यायाम करणाऱ्यांनी दोन आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी ऊर्जा घेतली. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे १ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्या गटाचे मेदविरहित वजन सरासरी १.६ किलोने घटले, तर सुमारे २.३ ग्रॅम घेणाऱ्यांचे केवळ ०.३ किलोने घटले.

चरबी कमी असलेल्या व्यायामपटूंसाठी मेदविरहित वजनाच्या दर किलोमागे २.३ ते ३.१ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली जाते. दिवसाची मात्रा तीन ते पाच जेवणांत साधारण सारखी वाटली जाते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व्यक्तींना हे प्रमाण लागू होत नाही.

### शाकाहारी आहारातील अडचण

महाराष्ट्रातील नेहमीच्या शाकाहारी जेवणात प्रथिनांचा मुख्य आधार डाळी व उसळींचा असतो. १०० ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे २२ ते २४ ग्रॅम प्रथिने असतात, परंतु त्यासोबत सुमारे ६० ग्रॅम कर्बोदकेही येतात. केवळ डाळीतून १६० ग्रॅम प्रथिने मिळवावयाची झाल्यास दिवसाला सुमारे ७०० ग्रॅम कोरडी डाळ लागेल आणि तिच्यातूनच २,३०० हून अधिक उष्मांक पोटात जातील. म्हणजे दिवसाची संपूर्ण मर्यादा डाळीतच ओलांडली जाते. शेंगदाणे व साधे पनीर यांच्याबाबतीत हीच अडचण स्निग्धांशामुळे येते.

म्हणून या टप्प्यात डाळ आहारात ठेवून प्रथिनांचा मोठा वाटा अन्य पदार्थांतून घेतला जातो. १०० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात आणि स्निग्धांश अत्यल्प असतो. साय काढलेल्या दुधाच्या दह्याचा चक्का, त्याच दुधाचे पनीर आणि दुधाच्या निवळीपासून बनविलेली व्हे प्रथिन भुकटी हे इतर पर्याय आहेत. सामिष आहार घेणाऱ्यांना अंड्यातील पांढरा बलक, कोंबडीच्या छातीचे मांस आणि कमी तेलात शिजविलेले मासे यांमुळे हे गणित बरेच सोपे जाते.

### कर्बोदके व स्निग्ध पदार्थ

प्रथिनांची मात्रा ठरल्यावर उरलेले उष्मांक कर्बोदके व स्निग्ध पदार्थ यांत वाटले जातात. स्निग्ध पदार्थ शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.७ ग्रॅमच्या खाली फारसे नेले जात नाहीत, कारण संप्रेरकांच्या निर्मितीला आणि जीवनसत्त्वांच्या शोषणाला त्यांची गरज असते. उरलेली सर्व ऊर्जा कर्बोदकांतून घेतली जाते. जड वजन उचलताना स्नायू मुख्यतः ग्लायकोजेन वापरतात. भात-पोळी पूर्ण बंद केल्यास व्यायामाची गुणवत्ता घसरते आणि स्नायूंना मिळणारा टिकून राहण्याचा संकेत दुबळा होतो.

## व्यायाम

कटिंगमध्ये वजन कमी करून पुनरावृत्ती वाढविल्यास स्नायू रेखीव होतात, असा समज व्यायामशाळांत रूढ आहे. स्नायू रेखीव दिसणे हे त्यांवरील चरबीच्या थरावर अवलंबून असते. पुनरावृत्तींच्या संख्येने तो थर विशिष्ट ठिकाणी पातळ होत नाही. ज्या ओझ्यामुळे स्नायू वाढला तेच ओझे तो टिकविण्याचा सर्वांत स्पष्ट संकेत असते. म्हणून स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट, रोइंग अशा मुख्य प्रकारांतील वजन शक्य तितके पूर्वीइतकेच ठेवले जाते.

शरीराची भरपाईची क्षमता घटलेली असल्याने कपात करावयाची ती सेटच्या संख्येत केली जाते. वाढलेला स्नायू टिकविण्यास तो वाढविण्यापेक्षा पुष्कळ कमी काम पुरते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात तरुण व्यक्तींनी व्यायामाचे प्रमाण मूळच्या एक नवमांशावर आणूनही ३२ आठवडे स्नायूंचा आकार राखला, मात्र त्यांनी उचलण्याचे वजन कमी केले नव्हते. तो अभ्यास ऊर्जातुटीत केलेला नव्हता, म्हणून इतकी मोठी कपात येथे केली जात नाही. पूर्वी एका स्नायूगटासाठी आठवड्याला १५ सेट होत असतील तर ते सुमारे १० वर आणणे ही प्रचलित पद्धत आहे.

धावण्यासारखा दमाचा व्यायाम या टप्प्यात वाढविल्यास पायांच्या स्नायूंची भरपाई लांबते. त्याऐवजी चालणे पसंत केले जाते. ऊर्जातुटीत माणसाची सहज हालचाल नकळत कमी होते. पावलांची दैनिक संख्या ठरवून ठेवल्यास ही घट रोखता येते.

## झोप

शिकागो येथील २०१० च्या एका छोट्या अभ्यासात वजन जास्त असलेल्या १० प्रौढांना दोन आठवडे कमी आहार देण्यात आला. रात्री ८.५ तास आणि ५.५ तास झोपेच्या संधीची तुलना केली असता एकूण वजनघट जवळपास सारखीच होती. परंतु कमी झोपेत चरबीची घट ५५ टक्क्यांनी कमी आणि मेदविरहित वजनाची घट ६० टक्क्यांनी अधिक आढळली. काट्यावरील आकडा सारखाच असूनही त्यामागील घटक बदलले होते. चरबी फार कमी झाली की भुकेमुळे झोप मोडू लागते, त्यामुळे दिवसाच्या कर्बोदकांचा काही भाग रात्रीच्या जेवणासाठी राखून ठेवला जातो.

## एक उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक असले तरी त्यातील हिशेब प्रत्यक्ष वापरला जातो तसाच आहे. ३० वर्षांच्या, १७२ सेंटिमीटर उंचीच्या एका पुरुषाचे वजन ७२ किलो असून चरबी सुमारे १३ टक्के आहे. म्हणजे चरबी ९.४ किलो आणि मेदविरहित वजन ६२.६ किलो होते. त्याला १० टक्क्यांवर यावयाचे आहे. मेदविरहित वजन पूर्ण टिकले तर अंतिम वजन ६९.६ किलो, म्हणजे एकूण घट २.४ किलो होईल. एक किलो चरबीयुक्त ऊतीमागे ७,७०० उष्मांक धरल्यास त्यासाठी सुमारे १८,५०० उष्मांकांची तूट लागते.

आधीचे तीन आठवडे अन्नाची व वजनाची नोंद ठेवल्यावर २,५०० उष्मांकांवर त्याचे वजन स्थिर राहते असे दिसले. त्याने आहार २,१०० उष्मांकांवर आणला. त्यात १६० ग्रॅम प्रथिने, ५५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि सुमारे २४० ग्रॅम कर्बोदके येतात. दिवसाची तूट ४०० उष्मांकांची झाली. दर किलोमागे ४८ उष्मांकांच्या अंदाजाने त्याच्या चरबीतून दिवसाला सुमारे ४५० उष्मांक मिळू शकतात, त्यामुळे ही तूट मर्यादेत बसते.

| कालावधी | दैनिक आहार (उष्मांक) | दैनिक तूट (उष्मांक) | शेवटी वजन (किलो) | शेवटी चरबी (किलो) |
|---|---|---|---|---|
| आठवडे १ ते ४ | २,१०० | ४०० | ७०.५ | ७.९ |
| आठवडा ५ | २,४०० | नाही | पाण्यामुळे तात्पुरती वाढ | ७.९ |
| आठवडे ६ ते ९ (मध्य) | २,१०० | ३०० | ६९.६ | ७.० |

पाचव्या आठवड्यातील विरामाने चरबी अधिक वेगाने घटते असे सिद्ध झालेले नाही. त्याचा उपयोग भूक व थकवा कमी करून व्यायामाची गुणवत्ता सावरण्यापुरता मानावा. सहाव्या आठवड्यापासून आहार तोच असूनही तूट ३०० वर आलेली दिसते, कारण शरीर हलके झाल्याने व हालचाल मंदावल्याने त्याचा खर्च सुमारे २,४०० वर उतरला आहे. घट मंदावली म्हणून आहार आणखी कमी करण्याचा मोह येथेच होतो. परंतु ७ ते ८ किलो चरबीतून दिवसाला सुमारे ३४० ते ३८० उष्मांकच अपेक्षित असल्याने मंदावलेला वेग हाच योग्य वेग ठरतो. आहार १,७०० वर नेल्यास तूट ७०० होईल, आणि वाढलेल्या तुटीचा मोठा भाग चरबीला भरून काढता येणार नाही.

## स्नायूंची हानी ओळखणे

घरगुती विद्युत-रोध काटे आणि त्वचेची घडी मोजणारे चिमटे यांच्या मापनात चरबीची टक्केवारी ३ ते ४ अंकांनी सहज चुकू शकते. येथे एकूण बदलच ३ अंकांचा असल्याने ही साधने निर्णयासाठी अपुरी पडतात. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी साठते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात स्नायू चपटे दिसणे आणि वजन झटकन उतरणे ही बहुधा पाण्याची घट असते.

व्यवहारात व्यायामाची वही, बेंबीपाशी घेतलेले कमरेचे माप आणि साप्ताहिक सरासरी वजन ही तीन साधने एकत्र वाचली जातात. ग्लायकोजेन कमी असल्यास पहिला जड सेट टिकतो आणि नंतरच्या सेटमध्ये पुनरावृत्ती घटतात. एक-दोन दिवस कर्बोदके वाढविल्यावर हे भरून येते. पहिला सेटच सलग दोन-तीन आठवडे अनेक प्रकारांत घसरत राहिला आणि कर्बोदके वाढवूनही सावरला नाही, तर स्नायूंची हानी संभवते. बेंच प्रेसमधील किंचित घट मात्र शरीराचे वजन कमी झाल्यानेही होते, म्हणून एकट्या त्या प्रकारावरून निष्कर्ष काढला जात नाही.

पुल-अप्स हा या बाबतीत चांगला निकष आहे. शरीर हलके झाल्यावर त्यांची संख्या थोडी वाढावयास हवी. वजन दोन किलोने उतरूनही पुल-अप्स कमी होत असतील, तर खेचण्याची ताकद घटली आहे. वजन उतरत असताना कमरेचे माप काही आठवडे हलत नसेल, तर तीही धोक्याची खूण असते. अशा वेळी प्रथम तूट निम्मी केली जाते आणि झोप व सेटची संख्या तपासली जाते.

## मर्यादा व धोके

व्यायामाचा खर्च वजा करून शरीराच्या इतर कार्यांसाठी उरणाऱ्या ऊर्जेला उपलब्ध ऊर्जा म्हणतात. ॲन लाउक्स यांच्या संशोधनानुसार स्त्रियांमध्ये ती मेदविरहित वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ३० उष्मांकांखाली गेल्यास मासिक पाळीशी संबंधित संप्रेरकांत बिघाड होऊ लागतो. पुरुषांसाठी अशी निश्चित रेषा ठरलेली नाही. वरील उदाहरणात व्यायामाचा खर्च दिवसाला सरासरी १७० उष्मांक धरल्यास उपलब्ध ऊर्जा सुमारे ३१ येते. याहून मोठ्या तुटीला फारशी जागा उरत नाही.

त्यापलीकडे गेल्यास काय घडते याची नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शरीरसौष्ठवपटूच्या १२ महिन्यांच्या निरीक्षणात आढळते. उत्तेजके न घेता स्पर्धेसाठी त्याने चरबी १४.८ वरून ४.५ टक्क्यांवर आणली. त्या काळात विश्रांतीतील नाडी मिनिटाला ५३ वरून २७ वर आली, टेस्टोस्टेरॉन सुमारे एक चतुर्थांश उरले आणि ताकद घटली. हौशी व्यायामपटूसाठी १० टक्क्यांच्या आसपास थांबण्यामागे हेही एक कारण आहे.

मासिक पाळी अनियमित होणे किंवा थांबणे, लैंगिक इच्छा मावळणे, सतत थंडी वाजणे, झोप वारंवार मोडणे आणि अन्नाचेच विचार मनात घोळत राहणे ही टप्पा थांबविण्याची चिन्हे मानली जातात. पाळी थांबल्यास वैद्यकीय सल्ला आवश्यक ठरतो, कारण दीर्घकाळ असे राहिल्यास हाडांची घनता घटते. खाण्याच्या विकारांचा पूर्वेतिहास असलेल्या व्यक्तींनी आणि वाढीच्या वयातील मुलामुलींनी हा टप्पा करू नये असे मानले जाते. क्लेनब्युटेरॉल, थायरॉइडची औषधे किंवा मूत्रल गोळ्या यांचा वापर हृदयाला घातक ठरू शकतो.

## समाप्ती

उद्दिष्ट गाठल्यावर आहार एक ते दोन आठवड्यांत नव्या स्थिर पातळीवर आणला जातो. वरील उदाहरणात ही पातळी सुमारे २,४०० उष्मांकांची आहे. पहिल्या काही दिवसांत वजन एखाद-दुसऱ्या किलोने वाढते. ती वाढ मुख्यतः ग्लायकोजेन व पाण्याची असल्याने तिच्यासाठी पुन्हा तूट सुरू केली जात नाही. मिनेसोटा प्रयोगाच्या नंतरच्या विश्लेषणांत असे दिसले की मुक्त आहार सुरू झाल्यावर चरबी लवकर परतली आणि मूळ पातळी ओलांडून गेली, तर मेदविरहित वजन मागाहून भरून आले. म्हणूनच मोजमाप आणि प्रथिनांची मात्रा आणखी किमान महिनाभर चालू ठेवून सेटची संख्या हळूहळू पूर्ववत केली जाते.

## हे सुद्धा पहा

* शरीरसौष्ठव
* प्रथिने
* ग्लायकोजेन
* चयापचय
* मिनेसोटा उपासमार प्रयोग